गार्गीचं डोहाळजेवण : म्हणायचं सगळं, क्रमाने

बायांनो, ज्यांना पाठ नाही त्यांनी मोबाइलवर बघून म्हटलं तरी चालेल, पण तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका, आवाज आला पाहिजे. गार्गी झोपाळ्यात बसली, फुलांचे दागिने घातले, हिरवा चुडा भरला, मागे चंद्र लावला की मी हात वर करीन, तेव्हा सुरू. (चंद्र थर्माकोलचा आहे, त्याला टेकू नका, मागच्या वेळी पडला होता.)

आधी प्रार्थना. सगळ्यांनी मिळून, हात जोडून :

खजराण्याच्या गणराया, शेंदूर तुझा लाल,
पोटातल्या बाळाला दे सुखाची चाल.
अन्नपूर्णा आई, तुझी पळी राहो भरली,
हिच्या जिभेची हौस राहो सदा पुरली.
नर्मदा माय, घाट चढून येतेस आमच्या दारी,
कळा येतील त्या दिवशी हिला ने पैलतीरी.
कुलस्वामिनी, मुलगा की मुलगी, तुझं तू जाण,
आम्ही मागतो दोन जिवांचं सुखरूप बाळंतपण.

आता ओटी. आणि इथे मी एक गोष्ट स्पष्ट बोलून टाकते, मग कुणी मागून कुजबुजायचं नाही. पहिली ओटी आजी भरणार. हो, आजीच. आजोबा गेल्यापासून त्या प्रत्येक हळदीकुंकवाला स्वैपाकघरात जाऊन बसतात, कुणी बसा म्हणत नाही पण कुणी या पण म्हणत नाही. अहो, ज्या शहराच्या विमानतळाला अहिल्याबाईंचं नाव आहे, खजराण्याचं देऊळ ज्यांनी बांधवलं त्यांचं, त्या 1754 साली खंडेराव गेल्यावर पुढे अख्खं राज्य चालवून गेल्या, त्यांच्या फोटोला आपण हार घालतो आणि घरातल्या आजीला मागे ठेवतो? या घरातली चार बाळंतपणं आजींनी निभावली आहेत, मिहिरचं सुद्धा. ज्यांना पटणार नाही त्यांनी तेवढा वेळ गच्चीत जाऊन ऊन खावं, मार्गशीर्षातलं ऊन चांगलं असतं.

आजी (गव्हाची ओंजळ, नारळ आणि खण घालताना) :
"गार्गी बाळा, हा नारळ. वरून टणक, आत पाणी, तशीच रहा. सगळ्यांचं ऐक, पण करायचं ते डॉक्टर सांगतील आणि तुझं अंग सांगेल ते. मी घाबरले होते पहिल्या वेळी, खोटं कशाला बोलू. तू पण घाबरशील, घाबर, रडू आलं तर रड, आम्ही आहोत. औक्षवंत हो, सुखात सुट."

गार्गीची आई (हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम) :
"माझ्या पोरी, तू पोटात होतीस तेव्हा मला फक्त मातीचा वास हवा असायचा, पहिला पाऊस पडला की मी दारात. कालिदासाच्या रघुवंशात राणी सुदक्षिणेला पण मातीचेच डोहाळे लागतात, तुझे बाबा तेव्हा मला राणी सुदक्षिणा म्हणायचे. तुझ्या मनात येईल ते तुला मिळो, न मागता मिळो."

सासूबाई (माहेश्वरी साडी आणि फुलं) :
"सून म्हणून आणलं तुला, आज लेक म्हणून ओटी भरते. बाळ काळं असो गोरं असो, तुझ्यासारखं हट्टी असो, चालेल. तुझी नोकरी चालू राहू दे, झोप पूर्ण होऊ दे. रात्री बाळ रडलं तर मिहिर उठेल. मिहिर, ऐकतोयस ना?"

मग बाकी सगळ्या जणी एकेक फळ घालत एकच वाक्य म्हणतील : "भरल्या ओटीने, भरल्या घरात, सुखरूप." पुत्रवती भव वगैरे नको. 1988 साली माझ्या डोहाळजेवणात अकरा बायकांनी मुलगाच होऊ दे म्हटलं होतं, मी मोजलं होतं. मुलगी झाली, आता इथेच समोर बसून शूटिंग करतेय आणि हसतेय.

झोपाळा हलवताना गाणं. पहिली ओळ मी, दुसरी सगळ्यांनी, आणि प्रत्येक कडव्यानंतर "झुलव गं सई, झुला हळू झुलव" :

पहिल्या महिन्यात कळलंच नाही,
चहाचा वास का नकोसा बाई!

दुसऱ्या महिन्यात तोंडाला पाणी,
चिंच नि कैरीची गाते ही गाणी.

तिसऱ्या महिन्यात नकोच जेवण,
पोह्यांवर मागे नुसतंच जिरावण.

चौथ्या महिन्यात गणपती आले,
एकवीस मोदकांतले सात हिने खाल्ले.

पाचव्या महिन्यात पोटात हाले,
पाण्यात जणू मासोळी चाले.

सहाव्या महिन्यात दिवाळी दारी,
फराळ सोडून ही मागते कचोरी.

सातव्या महिन्यात चुडा हा हिरवा,
सराफ्यातला गराडू रात्री हिला हवा!

(शेवटचं कडवं दोनदा, कारण ते खरं आहे. मिहिर रात्री साडेअकराला सराफ्यात उभा होता, माझ्याकडे फोटो आहे.)

उखाणे. लाजायचं नाही.

गार्गी :
राजवाड्याच्या सात मजल्यांवर चांदणं पडलं सांडून,
मिहिरचं नाव घेते, सात महिने त्याच्याशी भांडून.

मिहिर (पुरुषांना उखाणा नसतो असं कुणी म्हणेल, आपल्याकडे असतो) :
सकाळी पोहे, दुपारी कैरी, मध्यरात्री गराडू,
गार्गीचं नाव घेतो, सांगा अजून कितीदा गाडी काढू!

सासूबाई :
माहेश्वरी साडीच्या काठावर नर्मदेची लाट,
सुधाकररावांचं नाव घेते, नातवंडाची बघते वाट.

गार्गीची आई :
पुण्याच्या भाकरवड्या इंदुरी शेवेपुढे हरल्या,
अनिलरावांचं नाव घेते, लेकीसाठी रजा ठरल्या.

पेढा-बर्फीच्या वाट्या झाकून आणल्या की गार्गीने एक उघडायची. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी, सगळ्या ओरडणार हे मला माहितीय. मी दोन्ही वाट्यांत एक पेढा एक बर्फी ठेवलीय. तेव्हा ओरडायचं ते "दोन्ही गोड!" एवढंच, आणि दोन्ही गार्गीने खायचं, शुगर रिपोर्ट नॉर्मल आहे, विचारून घेतलंय.

शेवटी अंगाई. ही बाळासाठी, म्हणून हळू आवाजात, लाइट कमी करा. अभिमन्यूने पोटात असताना अर्धीच गोष्ट ऐकली कारण सुभद्रेला झोप लागली असं सांगतात, आणि सगळे सुभद्रेलाच बोल लावतात. गार्गी, तुला झोप आली तर झोप बाई, आमचं चक्रव्यूहाचं काही नाही, नुसतं गाणं आहे.

निज रे निज गं, आतल्या जिवा,
आईच्या पोटात तेवतो दिवा.
दोन महिने अजून मुक्काम कर,
घाई नको, आत ऊब आहे भर.
बाहेर थंडी, धुकं पडलं दाट,
फाल्गुनात ये, मोकळी होईल वाट.
रंगपंचमीची गेर निघेल भारी,
दुपट्यात तुला घेऊन बसू आम्ही दारी.
आजी तुझी बसेल सगळ्यांच्या पुढे,
तिच्या मांडीवरून बघ रंगाचे सडे.

हे म्हणून झालं की आजींनी गार्गीला औक्षण करायचं, बाकीच्यांनी अक्षता टाकायच्या, झोपाळा थांबवायचा आणि पानं वाढायला घ्यायची. गार्गीच्या पानात पहिला पदार्थ आजींच्या हातचा साखरभात.