मुठीएवढा लाडू

दिवाळीच्या आदल्या दुपारी आजीने खमंग भाजलेल्या बेसनाची परात पुढे ओढली, तेव्हा १५ वर्षांच्या थोरल्यापासून ३ वर्षांच्या धाकटीपर्यंत चारही नातवंडे तिच्याभोवती गोळा झाली. वाद सुरू होण्याआधीच ती म्हणाली, “ज्याने त्याने आपल्या मुठीत मावेल तेवढा लाडू वळायचा, बेदाणा मात्र मी लावणार.”

थोरल्याचा लाडू लिंबाहून मोठा झाला, तर धाकटीचा सुपारीएवढा, बोटांचे ठसे उमटलेला. गोड फारसे न आवडणाऱ्या मधल्या नातीने अर्धीच मूठ भरली आणि आजीने तिला आग्रह केला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

“माझ्या लाडवावरचा बेदाणा सगळ्यांत मोठा आहे,” धाकटी आनंदाने म्हणाली.

अजून भुकेल्या थोरल्यापुढे आजीने परात सरकवली.