विषय: पीएफ आणि व्हीपीएफ – एप्रिलचा न भरलेला फरक, मे महिन्याचा ईसीआर आणि जुलैपासूनची नवी रक्कम

प्रति,
पेरोल विभाग, नागपूर

दि. ४ जून २०२५

सप्रेम नमस्कार.

मी बुटीबोरी युनिटच्या क्वालिटी विभागात आहे, कर्मचारी क्रमांक २१४७. माझ्या पगारातून पीएफ आणि व्हीपीएफ अशा दोन कपाती होतात. त्याबद्दल तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली तातडीची आहे, कारण मे महिन्याचा ईसीआर भरण्याची शेवटची तारीख १५ जून आहे आणि त्या दिवशी रविवार येतो. म्हणजे प्रत्यक्षात तुमच्या हातात शुक्रवार १३ जूनपर्यंतचाच वेळ आहे असं धरून लिहिते आहे.

आधी आकडे. बेसिक ६२,००० रुपये, डीए वेगळा नाही, एकूण पगार ९२,४००. व्हीपीएफसाठीचा अर्ज ४ एप्रिलला दिला होता: एप्रिलच्या पगारापासून दरमहा १०,००० रुपये. एप्रिल आणि मे, दोन्ही महिन्यांच्या स्लिपवर 'पीएफ ७,४४०' आणि 'व्हीपीएफ १०,०००' अशा दोन ओळी आहेत, म्हणजे महिन्याला १७,४४० कापले जातात. पासबुकात मात्र एप्रिलच्या पगारासमोर असं दिसतं: ईपीएफ वेतन १५,०००, ईपीएस वेतन १५,०००, कर्मचाऱ्याचा हिस्सा ७,४४०, मालकाचा हिस्सा ५५०, पेन्शन १,२५०. व्हीपीएफचे १०,००० त्यात नाहीत. पासबुकाची प्रत आणि दोन्ही स्लिपा सोबत जोडल्या आहेत.

१. एप्रिलचे १०,००० कुठे अडकले?

ईसीआरमध्ये व्हीपीएफसाठी वेगळा रकाना नसतो. कर्मचाऱ्याच्या हिश्शाच्या रकान्यातच बारा टक्के आणि व्हीपीएफ यांची बेरीज टाकावी लागते. माझा अंदाज असा, की पगाराच्या सॉफ्टवेअरमधून ईसीआरची टेक्स्ट फाइल तयार होताना त्या रकान्याला फक्त 'पीएफ' हे पे-हेड जोडलेलं आहे आणि 'व्हीपीएफ' हे नवं पे-हेड जोडायचं राहून गेलं. एप्रिलच्या फाइलमध्ये माझ्या ओळीत यूएएन आणि नावानंतरचा भाग बहुधा असा गेला असेल:

```
92400#~#15000#~#15000#~#15000#~#7440#~#1250#~#550#~#0#~#0
```

तो असा हवा होता:

```
92400#~#15000#~#15000#~#15000#~#17440#~#1250#~#550#~#0#~#0
```

बदल एकाच आकड्यात आहे. पेन्शनचे १,२५० आणि मालकाचे ५५० तसेच राहतात, कारण व्हीपीएफमुळे मालकाच्या वाट्यात किंवा ईपीएसमध्ये काहीच फरक पडत नाही. शेवटून दुसरा शून्य बिनपगारी दिवसांचा आणि शेवटचा शून्य आगाऊ रकमेच्या परताव्याचा. फरकाची रक्कम चुकून त्या शेवटच्या रकान्यात जाऊ नये, एवढी काळजी घ्यावी.

तेव्हा मे महिन्याची फाइल अपलोड करण्याआधी माझ्या ओळीत १७,४४० आहेत का, ते कृपया डोळ्यांनी पाहून घ्या. पे-हेड जोडायचंच राहिलं असेल तर या वर्षी व्हीपीएफ सुरू केलेल्या सगळ्यांचंच असं झालेलं असणार. आमच्या विभागातच आणखी दोघं आहेत.

एप्रिलचा फरक कोणत्या पद्धतीने भरायचा ते तुम्ही ठरवा, मला फक्त तारीख कळवा. पीएफवरचं व्याज दरमहाच्या शिलकीवर मोजलं जातं आणि वर्षाअखेरीस जमा होतं. २०२४-२५ चा ८.२५ टक्के दर धरला तर १०,००० रुपये एक महिना उशिरा जमा झाल्याने ६८ रुपये ७५ पैसे जातात. माझ्यासाठी ही रक्कम किरकोळ आहे, पण कंपनीसाठी मामला किरकोळ नाही. पगारातून कापलेला कर्मचाऱ्याचा हिस्सा मुदतीत भरला नाही, तर आयकर कायद्याच्या कलम ३६(१)(व्हीए) प्रमाणे त्या रकमेची वजावट कंपनीला मिळत नाही, नंतर भरली तरीही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर त्यात पळवाट उरलेली नाही. कलम ७क्यू खालचं १२ टक्के व्याज आणि १४बी खालचा दंड ते वेगळेच. हे लेखा विभागालाही सांगून ठेवलेलं बरं.

२. माझ्या ७,४४० पैकी ईपीएफ किती आणि व्हीपीएफ किती?

हा प्रश्न वरवर शब्दांचा वाटेल, पण तसा नाही. सीटीसीच्या तक्त्यात मालकाचा पीएफ वर्षाला २१,६०० लिहिला आहे, म्हणजे महिन्याला १,८००. पासबुकातले ५५० आणि १,२५० मिळून तेवढेच होतात. कंपनी १५,००० च्या वैधानिक मर्यादेवरच आपला वाटा भरते, हे त्यातून स्पष्ट आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग त्याच मर्यादेवर माझा बंधनकारक वाटाही १,८०० च होतो. उरलेले ५,६४० स्लिपवर 'पीएफ' म्हणून दाखवले असले तरी स्वभावाने ते ऐच्छिकच आहेत. या हिशेबाने माझा खरा व्हीपीएफ १०,००० नसून १५,६४० आहे.

पंधरा हजारांच्या वरच्या पगारावर रीतसर ईपीएफ भरायचा, तर १९५२ च्या योजनेतल्या परिच्छेद २६(६) प्रमाणे कर्मचारी आणि मालक यांनी मिळून अर्ज द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये रुजू होताना मी फॉर्म ११ भरला. असा संयुक्त अर्ज भरल्याचं माझ्याजवळच्या कागदांत दिसत नाही. तुमच्याकडच्या फाइलमध्ये तो असेल तर प्रत पाठवा. तो असेल, तर ईसीआरमध्ये ईपीएफ वेतन १५,००० ऐवजी ६२,००० जायला हवं होतं, आणि अर्ध्या टक्क्याचा प्रशासकीय आकार ७५ ऐवजी ३१० रुपये लागला असता. तो नसेल, तर सध्याची ओळ बरोबर आहे आणि फक्त स्लिपवरची नावं चुकीची आहेत.

कर मोजताना या नावांनी काही बिघडत नाही. माझ्या खिशातून गेलेला प्रत्येक रुपया एकाच खात्यात पडतो, त्याला एकच व्याज मिळतं आणि तो एकाच मर्यादेत मोजला जातो. बिघडतं ते दोन ठिकाणी. उद्या घरखर्चासाठी हातात जास्त पगार हवा झाला, तर मला कपात ७,४४० पर्यंतच खाली आणता येईल की १,८०० पर्यंत? आणि 'पीएफ' या ओळीला बारा टक्के लागू असल्याने प्रत्येक वेतनवाढीबरोबर माझी ऐच्छिक कपात मला न विचारता वाढत जाते. मला ७,४४० चालू ठेवायचे आहेत. फक्त ते कोणत्या नावाखाली आहेत आणि कमी करायचे झाले तर अर्ज कधी द्यायचा (फक्त एप्रिलमध्ये, की वर्षाच्या मधेही), हे लेखी हवं आहे. शॉपफ्लोअरवर बऱ्याच जणांची अशी समजूत आहे, की व्हीपीएफ वाढवला की कंपनीचा वाटाही वाढतो. स्लिपवर या दोन ओळी नीट लिहिल्या, तर हा गैरसमज आपोआप जाईल.

३. जुलैपासून व्हीपीएफ १३,५०० करायचा आहे

आकडा सहज ठरवलेला नाही, म्हणून हिशेब देते. एका वर्षात कर्मचाऱ्याचं योगदान अडीच लाखांच्या वर गेलं, तर वरच्या रकमेवरचं व्याज करपात्र होतं. १ एप्रिल २०२१ पासून हा नियम आहे. ती मर्यादा मला ओलांडायची नाही. जुलैमध्ये बेसिक ६६,५०० होणार असल्याचं पत्र मिळालं आहे, म्हणजे 'पीएफ' ७,९८० होईल.

एप्रिल ते जून: १७,४४० × ३ = ५२,३२०
जुलै ते मार्च: (७,९८० + १३,५००) × ९ = १,९३,३२०
एकूण: २,४५,६४०

वेतनवाढ एप्रिलपासून लागू धरून तीन महिन्यांची थकबाकी जुलैच्या पगारात दिलीत, तर त्यावरचा पीएफ ५४० × ३ = १,६२० आणखी येईल. तो धरून २,४७,२६०. व्हीपीएफ १३,९०० केला असता तर थकबाकीसह हा आकडा अडीच लाखांच्या वर गेला असता, म्हणून थोडी जागा मोकळी सोडली आहे. ईपीएफओच्या खात्यात वर्ष मार्चच्या पगारापासून फेब्रुवारीच्या पगारापर्यंत मोजलं जातं, कारण मार्चचं चलन एप्रिलमध्ये भरलं जातं. त्या पद्धतीने माझी बेरीज आणखी कमी येते, तेव्हा दोन्ही बाजूंनी मर्यादा पाळली जाते.

ही रक्कम सॉफ्टवेअरमध्ये टक्केवारीने न टाकता ठरावीक रुपयांत टाकावी, ही विनंती. टक्केवारीने टाकली तर थकबाकीवर आणि पुढच्या वेतनवाढीवर ती आपोआप वाढेल आणि वरचा सगळा हिशेब ढासळेल.

आयकरासाठी मी नवी कर-प्रणाली निवडली आहे. त्यामुळे ८०सी खाली व्हीपीएफची वजावट मिळत नाही, हे मला माहीत आहे; टीडीएसच्या तक्त्यात ती धरली गेली असेल तर काढून टाकावी. मर्यादेच्या आतलं व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे, आणि माझा व्हीपीएफ त्याचसाठी आहे.

जुलैच्या बदलाचा सही केलेला अर्ज सोबत आहे. पहिल्या मुद्द्याचं उत्तर शुक्रवारी ६ जूनपर्यंत मिळावं. बाकीच्या दोन्हींसाठी २० जूनपर्यंत थांबता येईल. हा फरक तुमच्याच पातळीवर निपटेल असं वाटतं. त्यासाठी रघुजीनगरच्या भविष्य निधी कार्यालयात खेटे घालायची वेळ कुणावर येऊ नये. फोनवर बोलणं सोयीचं असेल तर दुपारी साडेतीननंतर मी लॅबमध्ये असते, एक्स्टेन्शन ३१८.

कळावे,
वैशाली गावंडे
क्वालिटी विभाग, बुटीबोरी युनिट

सोबत: एप्रिल व मे २०२५ च्या पगार स्लिपा, पासबुकाची प्रत, ४ एप्रिलच्या व्हीपीएफ अर्जाची प्रत, जुलैपासूनच्या बदलाचा अर्ज