पुण्याच्या भाच्याला डबा भरून देता, तीच शेंगाचटणी आता लेबल लावून विका

पाच आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग, सगळा मराठीत. संपेल तेव्हा तुमच्याकडे तीन गोष्टी असतील: तेल न गळणारी पुडी, नियमात बसणारं लेबल आणि अंगावर न येणारा भाव.

[ पहिला धडा फुकट बघते ]
नाव आणि व्हॉट्सॲप नंबर, एवढंच लागतं.

चटणी कशी करायची, हे आम्ही शिकवत नाही

ते तुम्हाला येतं. उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची हे सोलापुरात कुणाला सांगायचं? अडतं ते पुढे. दुकानदार विचारतो, "ताई, फूड लायसन्सचा नंबर कुठाय?" आणि आपण पिशवी घेऊन घरी.

माझंही तसंच झालं. पहिल्या ऑर्डरीच्या ४० पुड्या मी पुण्याला पाठवल्या. चटणी कोमट असतानाच पाकिटं सील केली होती. आतून वाफ धरली, बाहेर तेल आलं, शाईचं लेबल पुसून गेलं. ४० पैकी ३१ परत आल्या. चवीला कुणीच नाव ठेवलं नाही, हे जास्त लागलं.

८० रुपयांची पुडी विकून हातात काय राहतं?

दाणे १४० रुपये किलो, म्हणजे पाव किलोच्या पुडीला ३५. ८० ला विकली की ४५ सुटले, असं वाटतं. आता वहीत मांडू. भाजून, सालं काढून होणारी घट ४ रुपये. तिखट, लसूण, जिरं, मीठ १२. पाकीट आणि लेबल ८. गॅस आणि वीज ५. दुकानदाराचं २० टक्के कमिशन १६. सगळे मिळून झाले ८०.

हातात शून्य, आणि कुटणाऱ्या हाताची मजुरी अजून धरलेलीच नाही. दुसऱ्या आठवड्यात असाच हिशोब तुमच्या मालाचा, तुमच्या भावाने मांडतो. कडक भाकरी, धपाटे, शेंगापोळी विकत असाल तर त्याचा.

लेबलला अख्खा आठवडा का?

कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, म्हणजे शेंगदाणे आधी, मीठ नंतर. शेंगदाण्याची काहींना ॲलर्जी असते, म्हणून तो वेगळा ठळक सांगावा लागतो. 'शेंगाचटणी' नावातच आहे म्हणून चालत नाही. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, बॅच नंबर, तारखा, पूर्ण पत्ता आणि एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर, तोच जो दुकानदार मागतो. नोंदणीचा अर्ज foscos.fssai.gov.in वर तुम्ही स्वतः भरायचा, मी झूमवर शेजारी असेन. एजंटाला पैसे देऊ नका.

बाकीच्या आठवड्यांत पॅकिंग, मोबाइलवर फोटो, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणं आणि कुरिअर.

वर्ग दुपारी आहे, मुद्दाम

सोमवार आणि गुरुवार, अडीच ते चार. स्वयंपाक आवरलेला, मुलं यायची असतात. चुकला तर रेकॉर्डिंग मिळेल. तुकडी २ नोव्हेंबरला सुरू होते, म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी पुडी तयार हवी असेल तर वेळ पुरतो.

जागा ३० च. प्रत्येकीचं लेबल मी स्वतः वाचते, त्याहून जास्त मला झेपत नाहीत.

फी १,४९९ रुपये

दोन हप्त्यांत दिली तरी चालेल. पहिले दोन वर्ग करून नाही पटलं तर एक मेसेज टाका, सगळे पैसे परत. कारण विचारणार नाही.

महिन्याला इतके हजार मिळतील असं मी लिहिलेलं नाही, आणि फोनवरही सांगणार नाही. ज्यांना तयार गिऱ्हाईक हवंय, किंवा दुसऱ्याची चटणी आणून स्वतःच्या नावाने भरायचीय, त्यांनी हा वर्ग घेऊ नये.

नेहमी विचारतात

*इंग्रजी येत नाही, अर्ज जमेल?* जमेल. कोणत्या रकान्यात काय भरायचं ते मराठीत सांगते.

*लॅपटॉप लागेल?* नाही. मोबाइल पुरतो, फक्त कानात घालायचा इअरफोन ठेवा. घरात टीव्ही चालू असतो.

*घरच्यांना अजून सांगितलं नाही.* आधी फुकटचा धडा बघा. २२ मिनिटांचा आहे.

[ हो, पहिला धडा पाठवा ]
बटण दाबल्यावर व्हॉट्सॲपवर लिंक येईल. त्यानंतर एकच फोन येईल, तोही माझाच, संध्याकाळी पाच ते सात. नको असेल तर 'नको' लिहा, नंबर काढून टाकते.