रॉल्स यांचं भेदतत्त्व: गुरुवारच्या चर्चेसाठी प्रश्न

वाचन: जॉन रॉल्स, 'अ थिअरी ऑफ जस्टिस' (१९७१), मूळ स्थिती आणि न्यायाची दोन तत्त्वं. सारांश आणू नका, तो वर्गात झाला आहे. विषमता न्याय्य ठरायची तर तिचा जास्तीत जास्त फायदा सगळ्यात मागे राहिलेल्यांना व्हायला हवा, हे वाक्य वाचताक्षणी पटतं. म्हणूनच ते घासून बघायचं आहे. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' हे उत्तर धरलं जाणार नाही. कोणताही एक प्रश्न घ्या, दोन पानं लिहा, बुधवारी संध्याकाळपर्यंत द्या.

१. पुरंदर तालुक्यात १९७०च्या दशकात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणशी: डोई अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी.

(अ) आपल्या नावावर वीस एकर आहेत की गुंठाही नाही, हे ठाऊक नसलेली माणसं हाच नियम निवडतील का?

(आ) आता एक बागायतदार म्हणतो, 'मला दहा एकरांचं पाणी द्या. ऊस लावतो आणि भूमिहीनांना आज वाट्यातून मिळतं त्याहून जास्त मजुरी देतो.' त्याचा हिशेब खरा आहे असं धरा. भेदतत्त्व त्याला होकार देईल? उत्तर देण्याआधी प्राथमिक वस्तूंची यादी पुन्हा वाचा. तिथे उत्पन्नाबरोबर स्वाभिमानाचा सामाजिक आधारही आहे. पाण्याचा हक्कदार दुसऱ्याच्या बांधावर मजूर झाला, तर त्यानं काय गमावलं आणि ते मजुरीतून भरून निघतं का?

हे तत्त्व समाजाच्या मूलभूत रचनेसाठी आहे, एका गावाच्या नियमासाठी नाही, असं म्हणून सुटू नका. तसं वाटत असेल तर पाण्यावरचा हक्क त्या रचनेत का येत नाही ते दाखवा. मला हा सगळ्यात अवघड प्रश्न वाटतो, म्हणून वर्गातला निम्मा वेळ यालाच आहे.

२. भामरागडसारख्या तालुक्यात जायला एक डॉक्टर दुप्पट पगार मागते. तिच्या जाण्यानं तिथल्या सगळ्यात गरिबांचं भलंच होईल. पण भेदतत्त्व तिला मनापासून मान्य असेल, तर ती दुप्पट मागेल का? जी. ए. कोहेन यांचा आक्षेप नेमका इथे आहे. तिच्या जागी स्वतःला ठेवून लिहा.

३. सगळे नागरिक आयुष्यभर सामाजिक सहकार्यात भाग घेऊ शकतात, असं रॉल्स गृहीत धरतात. जन्मापासून अंथरुणाला खिळलेली मुलगी आणि तिच्यासाठी नोकरी सोडलेली आई यांना 'सगळ्यात मागे' कोणत्या मापानं मोजाल?

४. एक सरकार म्हणतं, संपाचा हक्क सोडा, दवाखाने आणि शाळा मोफत करतो. रॉल्स नाही म्हणतील, कारण स्वातंत्र्य आधी. पण फार हलाखीच्या परिस्थितीत या अग्रक्रमाला ते स्वतःच सवलत देतात. ती सवलत कुठे संपते आणि हे ठरवायचा अधिकार कोणाला?