विषय: वडिलांच्या निधनामुळे २० जानेवारीच्या नाशिक–दिल्ली प्रवासाची तारीख शुल्क न आकारता बदलण्याबाबत (पीएनआर K7QX2M)

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नाशिक, १५ जानेवारी २०२६

महोदय/महोदया,

माझे वडील दत्तात्रय जाधव (वय ७८) यांचं सोमवारी, १२ जानेवारीला पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झालं. मी, माझी पत्नी मनीषा आणि वडील अशा तिघांची तुमच्याकडे वरील पीएनआरवर तिकिटं आहेत : २० जानेवारीला ओझरहून दिल्ली आणि २५ जानेवारीला परत. मुलीला दिल्लीत नोकरी लागली आहे. नातीची खोली एकदा डोळ्यांनी बघायची, हा हट्ट वडिलांचाच होता.

मी थोरला मुलगा. अग्नी मी दिला, त्यामुळे पुढची क्रियाही मलाच करायची आहे. दहावं २१ तारखेला रामकुंडावर आहे आणि तेरावं २४ ला. म्हणजे आमचं विमान दहाव्याच्या आदल्या दिवशीचं आणि परतीचं तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीचं. पत्नीलाही घर सोडता येणार नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं सगळं तीच बघते आहे.

तुमच्या ॲपवर तारीख बदलून पाहिली. प्रत्येकी एका फेरीला ३,००० रुपये, म्हणजे आम्हा दोघांचे जाऊन-येऊन १२,००० रुपये बदल शुल्क दिसतं, भाड्यातला फरक वेगळाच. कारण लिहायला तिथे जागाच नाही. हेल्पलाइनवरच्या ताई मात्र नीट बोलल्या. कागद जोडून मेल करा, मराठीत लिहिलं तरी चालेल, असं त्यांनीच सांगितलं, म्हणून हा मेल.

विनंती अशी की, माझं आणि मनीषाचं तिकीट जाण्यासाठी गुरुवार, २९ जानेवारी आणि परतीसाठी मंगळवार, ३ फेब्रुवारी असं करून द्यावं आणि बदल शुल्क पूर्ण माफ करावं. त्या दिवशी जागा नसल्यास त्यानंतरच्या आठवड्यातला कुठलाही दिवस चालेल, वेळेचाही आग्रह नाही. आमच्याच भाडेश्रेणीत जागा असेल तर भाड्यातला फरक लावू नये. नसेल तर तो भरायची माझी तयारी आहे, पण रक्कम आधी कळवा आणि माझा होकार आल्यावरच बदल करा.

वडिलांचं तिकीट आमच्या पीएनआरमधून वेगळं काढून रद्द करावं. त्याची पूर्ण रक्कम परत मिळावी, अशी विनंती आहे. विमानतळ शुल्क आणि सरकारी कर तर प्रवास न झाल्यास परत द्यावेच लागतात, तेवढे तरी वेगळा अर्ज करायला न लावता ज्या कार्डावरून पैसे भरले त्याच कार्डावर जमा करावेत.

आणखी एक. वडिलांसाठी व्हीलचेअर मागवली होती. काल, संक्रांतीच्या दिवशी सकाळी आम्ही अमरधाममधून अस्थी घेऊन निघत होतो. वडिलांचा मोबाइल माझ्या खिशात होता. तो वाजला, बघतो तर ‘तुमची व्हीलचेअर निश्चित झाली आहे’ असा तुमचा मेसेज. तुमची यात चूक नाही, यंत्रणेला काय कळणार. पण त्यांच्या नंबरवरचे मेसेज तेवढे आता बंद करा. व्हीलचेअरही रद्द करा, म्हणजे त्या दिवशी ती दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.

सोबत हॉस्पिटलने दिलेला मृत्यूचा दाखला, अमरधामची पावती, तिकीट आणि आम्हा दोघांच्या आधार कार्डांच्या प्रती (पहिले आठ अंक झाकून) जोडल्या आहेत. नात्याचा वेगळा पुरावा लागू नये, माझ्या नावातलं मधलं नाव त्यांचंच आहे. महापालिकेचा मृत्यू दाखला अजून हातात नाही. काल संक्रांत, आज महापालिकेचंच मतदान आणि उद्या मतमोजणी, त्यामुळे दाखल्याचं काम सोमवारशिवाय हलेल असं दिसत नाही. तो मिळताच पाठवतो. तोवर हॉस्पिटलच्या दाखल्यावर निर्णय घ्यावा, कारण २० तारीख त्यासाठी थांबणार नाही.

म्हणूनच १८ तारखेच्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवं आहे. निर्णयाला त्याहून वेळ लागणार असेल, तर निदान बुकिंग स्थगित ठेवा. आम्ही २० ला आलो नाही म्हणून ‘नो-शो’ लावून परतीचं तिकीटही बाद झालं, असं होऊ देऊ नका. आम्ही येणार नाही, हे पाच दिवस आधी लेखी कळवतो आहे.

बुकिंगवर दिलेला मोबाइल माझाच आहे. सकाळी घरी दिवसांचे विधी चालू असतात, तेव्हा फोन उचलता येणार नाही. दुपारी दोननंतर केव्हाही करा.

आपला,
अनिल दत्तात्रय जाधव
पंचवटी, नाशिक