छायाचित्रांत काय बदलायचं, काय नाही: अंतर्गत सूचना

प्रति: छायाचित्रकार, मांडणी विभाग, उपसंपादक, दिवाळी अंकाचं काम पाहणारे सर्व
तारीख: १५ सप्टेंबर
आजपासून लागू

मागच्या अंकातलं पिवळ्या मारबतीचं पान सगळ्यांना आठवत असेल. मूळ फोटोत इतवारीतल्या गल्लीवर विजेच्या तारांचं जाळं आहे आणि एक माणूस लांब बांबूने त्या तारा वर उचलून मारबतीला वाट करून देतो आहे. पान लावताना तारा "घाण दिसतात" म्हणून क्लोन करून काढल्या. बांबू राहिला. छापून आला तो हवा उचलणारा माणूस. सोमवारी सकाळी एका वाचकाचा फोन आला, "काहो भाऊ, तारा कुठी गेल्या जी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. येत्या अंकात आपण मूळ फोटो आणि दिलगिरी छापतो आहोत.

दोष एकट्या मांडणीचा नाही. आपल्याकडे लेखी नियमच नव्हता, आणि ते पान प्रेसला जाण्याआधी माझ्याही नजरेखालून गेलं होतं. म्हणून ही सूचना.

कसोटी एकच धरा. फोटो काढला तेव्हा तिथे उभा असलेला माणूस छापील पान बघून "असं नव्हतं" म्हणेल का? म्हणणार असेल, तर तो बदल करायचा नाही. फोटो त्याने बरा दिसतो की वाईट, हा मुद्दा गौण.

छपाईसाठी लागतं ते जरूर करा. आपला कागद शाई पितो, मधल्या छटा काळवंडतात, त्यामुळे पडद्यावर दिसतं त्यापेक्षा फोटो थोडा उजळ ठेवावाच लागतो. लेव्हल्स, व्हाइट बॅलन्स, बेताचं शार्पनिंग, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढणं, कललेलं क्षितिज सरळ करणं, कृष्णधवल करणं, हे सगळं चालेल. विचारायची गरज नाही. मात्र सावली इतकी गडद करू नका की मागचा माणूस तिच्यात गडप होईल. तोही खोडल्यासारखाच.

रंगाबाबत जास्त सांभाळा, कारण तिथे आपला हात सहज सैल सुटतो. कळमना बाजारातला आंबिया बहाराचा फोटो घ्या. सुरुवातीच्या मालाची साल हिरवट असते. डेस्कवर कुणाला तरी वाटतं, नागपुरी संत्रं म्हटलं की केशरीच हवं, आणि सॅच्युरेशनची पट्टी पुढे सरकते. पण त्या ढिगापाशी उभा शेतकरी आणि व्यापारी सालीच्या रंगावरूनच घासाघीस करत असतात. आपण रंग बदलला की मालाची प्रतच बदलली, आणि बातमी भावाची असेल तर बातमीही. मे महिन्यातल्या उन्हाच्या फोटोंवर पिवळट-तांबडा थर चढवायची सवयही आता बंद. सेहेचाळीस अंश दाखवायला रिकामा रस्ता आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा पुरतो.

माणसांचा रंग तर अजिबात नाही. कुणाला गोरं करायचं नाही, कुणाला काळवंडून गुन्हेगार भासवायचं नाही. टाइम साप्ताहिकाने जून १९९४ मध्ये ओ. जे. सिम्पसनचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर गडद करून छापला. त्याच आठवड्यात न्यूजवीकने तोच फोटो जसाच्या तसा छापला, आणि दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी-शेजारी आले. सुरकुत्या, व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं राहू द्या. मुलाखत दिलेल्या बाईंनी स्वतः विनंती केली तरी. त्यांना हवा तर दुसरा फोटो निवडू.

फोटोत काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, काही हलवायचं नाही. तारा, कचराकुंडी, मध्येच आलेला हात, मागचं होर्डिंग, कशालाही `Clone Stamp`, `Content-Aware Fill` किंवा `Generative Fill` लावायचं नाही. "इवलीशी तर गोष्ट आहे" हे कारण ऐकून घेतलं जाणार नाही. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो छायाचित्रकाराने पुसला. २०१४ मध्ये हे कळल्यावर असोसिएटेड प्रेसने त्याच्याशी संबंध तोडले. वाघाच्या फोटोतल्या मागच्या जिप्सींचंही असंच. त्या काढून ताडोबाचं निवांत जंगल दाखवू नका. कितीदा तरी बातमी त्या जिप्सींचीच असते.

मुखपृष्ठावर हा मोह सर्वांत मोठा. आडवा फोटो उभ्या पानात बसत नाही, नावाच्या पट्टीला वर आकाश हवं असतं. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले आणि पुढे अनेक वर्षं त्याबद्दल ऐकून घेतलं. `Generative Expand` ने आकाश वाढवणं हा त्यातलाच प्रकार. जागा कमी पडली तर वर सपाट रंगाची पट्टी द्या किंवा फोटो बदला. छायाचित्रकारांनो, मुखपृष्ठाचं काम असेल तर एक फ्रेम उभी, वर जागा सोडून, काढतच जा. निम्मं भांडण तिथेच मिटेल.

फोटो उलटवायचा नाही. चेहरा पानाच्या आत बघायला हवा म्हणून गेल्या हिवाळी अधिवेशनाच्या अंकात एका आमदारांना आपण उलटवलं. घड्याळ उजव्या हातात गेलं आणि बटणं बायकांच्या शर्टासारखी लागली. हसं झालं ते वेगळंच.

क्रॉप चालेल, पण क्रॉपही खोटं बोलतो. विधानभवनावरच्या मोर्चात चाळीस माणसं असतील तर घट्ट कापून चार हजारांचा आभास नको. दोघांच्या वादातला एकच उगारलेला हात ठेवायचा असेल, तर आधी मला पूर्ण फ्रेम दाखवा.

चेहरा झाकणं हा एकच असा बदल जो कधीकधी करावाच लागतो. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. मुलांबाबत पॉक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. शाळेचा गणवेश, घराचं दार, गाडीचा नंबर, शेजारी उभी आई, यांवरूनही मूल ओळखू येतं. झाकायचं तर दिसेल असं, ठळक झाका. त्याजागी दुसरा चेहरा बसवायचा नाही. शक्यतो असा फोटोच टाळा, पाठमोरा किंवा हातांचा घ्या.

दोन-तीन फोटो जोडून केलेली चित्रं फक्त लेखाच्या सजावटीसाठी चालतील, पाहताक्षणी चित्र वाटतील अशी, आणि खाली "कल्पनाचित्र" असं लिहून. बातमीच्या पानावर नाही. दिवाळी अंकातल्या पाककृतींसाठी ताट मांडून फोटो काढतो ते ठीक, पण नसलेला काजू नंतर पेरू नका. जाहिराती या सूचनेत येत नाहीत.

पक्ष, सरकारी कार्यालयं, संस्था यांच्याकडून आलेले फोटो आधीच बदललेले असू शकतात. वाचकांकडून व्हॉट्सॲपवर येणारेही. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागा. ती मिळाली नाही तर ओळीत "सौजन्य" आणि कुणाचं, ते लिहा. शंका राहिली तर छापू नका.

कामाची पद्धत: मूळ फाइलला हात लावायचा नाही, ती सर्व्हरवर `ORIG` फोल्डरमध्ये राहील. बदल प्रतीवर करा आणि अंकाच्या शीटमध्ये "काय बदललं" या रकान्यात एक ओळ लिहा. रकाना रिकामा असेल तर पान प्रेसला जाणार नाही. रात्री अकरानंतर मला फोन करायला संकोचू नका. मी उचलला नाही, तर फोटो न बदलता लावा.

— छायाचित्र संपादक