३१ मार्च २०२५ अखेरच्या खातेबाकीची खातरजमा

कादवाकाठ द्राक्ष निर्यात प्रा. लि.
पॅकहाउस व कार्यालय : पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक

दिनांक : २१ एप्रिल २०२५

प्रति,
मा. रामनाथभाऊ,
सातपूर पुठ्ठापेटी उद्योग,
औद्योगिक वसाहत, सातपूर, नाशिक

विषय : आर्थिक वर्ष २०२४-२५ चे लेखापरीक्षण; आमच्या वहीत आपल्या खात्याची जमा बाकी ₹ ७,१६,७२०

सप्रेम नमस्कार.

आमच्या कंपनीचे वार्षिक लेखापरीक्षण सुरू आहे. पुरवठादारांच्या बाक्यांची खातरजमा लेखापरीक्षक थेट पुरवठादारांकडून करून घेतात, कारण बाहेरच्या माणसाने स्वतःच्या वहीतून लिहिलेला आकडा आमच्या सांगण्यापेक्षा जास्त विश्वासाचा. म्हणून हे पत्र त्यांच्याच माणसाने टपालात टाकले आहे. आपले उत्तरही आमच्याकडे न पाठवता सोबतच्या पत्ता घातलेल्या, तिकीट लावलेल्या पाकिटातून सरळ त्यांच्या कार्यालयात जाऊ द्या. सोमवार, ५ मे २०२५ पर्यंत ते पोहोचावे, ही विनंती.

आमच्या वहीतला आपल्या खात्याचा गोषवारा असा :

१ एप्रिल २०२४ ची आरंभीची जमा बाकी : ₹ ३,१८,४५०
वर्षभरातील बिले, जीएसटीसह : ₹ ७०,००,०००
वजा, दिलेली रक्कम : ₹ ६५,४०,०००
वजा, परत केलेल्या पेट्यांची डेबिट नोट : ₹ ६०,४८०
वजा, टीडीएस : ₹ १,२५०
३१ मार्च २०२५ ची जमा बाकी, म्हणजे आमचे आपल्याला देणे : ₹ ७,१६,७२०

पूर्ण खातेउतारा सोबत जोडला आहे.

आता मनापासून एक सांगायचे आहे. मागच्या वर्षी असेच पत्र आले, तेव्हा आपल्याकडून "बरोबर आहे" एवढेच लिहून, शिक्का मारून परत आले. आम्हीही समाधान मानले. पुढे जुलैमध्ये ₹ १८,५०० चा फरक निघाला आणि तो शोधायला दोन्हीकडच्या माणसांचे चार दिवस गेले. यंदा तसे नको. आमचा आकडा बाजूला ठेवून आधी आपले लेजर उघडा आणि तिथे जे दिसते तेच लिहा. आमच्या आकड्याशी जुळलेच पाहिजे असा आग्रह अजिबात नाही.

खरे तर आपल्याकडची बाकी आमच्यापेक्षा बरीच मोठी असण्याचीच शक्यता आहे. त्यातली जी कारणे आम्हाला माहीत आहेत, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात मोठे कारण वर्षअखेरच्या गाडीचे. आपले २९ मार्चचे बिल ८,००० पेट्यांचे, ₹ ३६ दराने ₹ २,८८,००० आणि १२ टक्के जीएसटी धरून ₹ ३,२२,५६०. ३० तारखेला पाडवा होता, हमाल नव्हते, त्यामुळे गाडी सातपूरहून ३१ ला रात्री उशिरा निघाली. आमच्या गेटच्या रजिस्टरमध्ये तिची आवक १ एप्रिल, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे अशी आहे. खरेदी आदेशात माल पॅकहाउसपोच आहे, म्हणजे उतरेपर्यंत तो आपला. म्हणून ही खरेदी आम्ही एप्रिलमध्ये धरली आहे आणि ३१ मार्चच्या शिल्लक साठ्यातही त्या पेट्या मोजलेल्या नाहीत. आपण बिल मार्चच्या विक्रीत दाखवले असेल; आमच्या मार्चच्या टू-बीमध्ये ते दिसतेही आहे. त्याचे इनपुट क्रेडिट आम्ही माल आल्यावर, एप्रिलच्या रिटर्नमध्ये घेऊ. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना वर्ष संपते, त्यामुळे ३१ मार्चच्या आगेमागे रोज गाड्या धावत असतात. ३१ तारखेच्या दोन्ही बाजूंच्या पाच-पाच दिवसांची बिले कृपया जावक चलनांशी ताडून पाहावीत.

दुसरे, २९ मार्चला आपल्या माणसाच्या हातात दिलेला ₹ २,००,००० चा चेक. आम्ही त्याच दिवशी नोंदवला. आमच्या बँकेतून तो ३ एप्रिलला वटला. आपण बँकेत जमा झाल्यावर नोंद करत असाल, तर तेवढा फरक येईल.

टीडीएसचे ₹ १,२५० कलम १९४-क्यूखालचे आहेत. जीएसटी वगळून आपली वर्षाची खरेदी ₹ ६२,५०,००० झाली. ५० लाखांवरच्या १२,५०,००० वर ०.१ टक्का. मेअखेरच्या मुदतीचे तिमाही रिटर्न भरल्यावर ही रक्कम आपल्या २६-ए-एसमध्ये उमटेल.

आणि चौथे कारण, ज्यावर आपले अजून एकमत नाही : परत केलेल्या १,५०० पेट्या. १४ फेब्रुवारीला प्री-कूलिंगमधून पॅलेट बाहेर काढले, तर तळच्या थराच्या पेट्या कोपऱ्यातून दबलेल्या होत्या. आपल्याकडून पाहायला आलेल्या मुलाने स्वतः अंगठ्याने पुठ्ठा दाबला, तो आत गेला आणि तसाच राहिला. त्याच्या सहीचे परतीचे चलन आमच्याकडे आहे. प्रत सोबत आहे. पेट्यांचे ₹ ५४,००० आणि जीएसटीचे ₹ ६,४८० मिळून ही डेबिट नोट आहे. मान्य असेल तर आपल्याकडून क्रेडिट नोट निघायला हवी, कारण कर कमी करण्याचा मार्ग तोच आहे आणि त्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ ला संपते. मान्य नसेल तर तसे स्पष्ट लिहा. लेखापरीक्षकांना वाद आहे हे कळणे गैर नाही, वाद नाही असे समजणे गैर आहे.

या चारही रकमा आपल्याकडे आमच्या उलट धरल्या असतील, तर आपली बाकी ₹ १३,०१,०१० येईल. याहून वेगळी आली, तर आमच्या नजरेतून काहीतरी सुटले आहे. मग फरकाच्या नोंदी तारीख आणि बिल क्रमांकासह कळवा, आम्ही एकेक शोधू.

याच पेट्यांच्या ३ फेब्रुवारीच्या बिलाबद्दल आमची चूक कबूल करतो. बिल ₹ २,८२,२४० चे होते. वाद ₹ ६०,४८० चा असताना उरलेले ₹ २,२१,७६० सुद्धा अडकून राहिले आणि ४५ दिवस उलटून गेले. ती रक्कम १७ एप्रिलला आपल्या खात्यात भरली आहे. आपण सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असाल, तर कलम ४३-बी(एच)प्रमाणे या खर्चाची वजावट आम्हाला यंदा मिळणार नाही, आणि ताळेबंदात ही उशिराची बाकी वेगळी दाखवावी लागेल. यासाठी उद्यम प्रमाणपत्राची चालू प्रत उत्तराला जोडा. उशिराच्या दिवसांच्या व्याजावर कायद्याने आपला हक्क आहे. मागणी असेल तर संकोच न करता उत्तरातच लिहा.

उत्तर आपल्या लेटरहेडवर, मालक किंवा अधिकृत व्यक्तीच्या सही-शिक्क्याने द्यावे. बाकी जुळत असेल तर मजकूर एवढा पुरे : "३१ मार्च २०२५ रोजी कादवाकाठ द्राक्ष निर्यात प्रा. लि. यांच्याकडून आमचे येणे ₹ ७,१६,७२० आहे व ते आमच्या वहीशी जुळते." जुळत नसेल तर आपला आकडा अंकी आणि अक्षरी लिहून खातेउतारा जोडा. बाकी शून्य वाटत असली, तरी उत्तर पाठवाच. उत्तर न येणे म्हणजे होकार, असे येथे धरले जाणार नाही. लेखापरीक्षक पुन्हा विचारतील.

हे पत्र फक्त हिशेब जुळवण्यासाठी आहे. खातरजमा केल्याने वादातल्या रकमेवरचा आपला हक्क सुटत नाही, आणि ३१ मार्चनंतरचे व्यवहार यात धरलेले नाहीत.

एप्रिलच्या गाड्यांची देणी नेहमीप्रमाणे चालू राहतील. हे उत्तर येईपर्यंत काहीही रोखलेले नाही.

आपली विश्वासू,

सौ. वैशाली बोरस्ते
लेखा व्यवस्थापक
कादवाकाठ द्राक्ष निर्यात प्रा. लि. करिता

सोबत : खातेउतारा, परतीच्या चलनाची प्रत, डेबिट नोट, १ एप्रिलच्या गेट आवकेची प्रत, उत्तराचे पाकीट